लठ्ठ मुलाला जेंटामायसिन: डोस कोणत्या वजनावर काढायचा?

शंतनू_पीजी

बालरोग विभागात रेसिडेंट आहे. कालच्या राउंडला एका प्रश्नावरून सीनियरांमध्येच जुंपली आणि मी मधल्यामध्ये उभा राहिलो, म्हणून इथे विचारतो. माहिती थोडी बदलून देतोय, पण आकडे प्रश्नापुरते बरोबर आहेत.

मुलगा १० वर्षांचा. वजन ७० किलो, उंची १४० सेंमी. लघवीचा संसर्ग किडनीपर्यंत चढलाय, ताप १०३, थंडी वाजून येते, उलट्या होतात म्हणून तोंडाने औषध टिकत नाही. रक्तदाब ठीक, क्रिएटिनिन ०.५. आमच्याकडे अशा वेळी जेंटामायसिन किलोला ७ मिग्रॅ, दिवसातून एकदा, अर्ध्या तासात शिरेतून, असा प्रघात आहे.

आता ७० किलोने गुणलं तर ४९० मिग्रॅ होतात. एक सर म्हणाले, आदर्श वजन धर. दुसऱ्या मॅडम म्हणाल्या, ॲडजस्टेड धर. तिसरे म्हणाले, मुलांना नेहमी वजनावरच देतात, वजन म्हणजे काट्यावर दिसतं ते, एवढा विचार कशाला. तिघांच्या उत्तरांत दुपटीहून जास्त फरक पडतो. नक्की काय करायचं, आणि मुख्य म्हणजे का?

डॉ_बाबा

बाळा, हे सोपं आहे. जेंटामायसिन पाण्यात विरघळतं, चरबीत जात नाही. जादा वजन सगळं चरबीचं. तेव्हा चरबी वजा कर, उरलं ते आदर्श वजन, त्यावर डोस दे. सूत्र पाठच आहे: मुलग्यांसाठी ५० किलो, आणि ५ फुटांच्या वर प्रत्येक इंचाला २.३ किलो. तुझा मुलगा ५५ इंच, म्हणजे ५ इंच कमी, तेवढे वजा कर. साधारण ३८.५ किलो. ७ ने गुण, २७० मिग्रॅ. झालं काम.

आम्ही तीस वर्षं असंच देत आलोय.

औषधवाली

बाबा, मूळ दिशा बरोबर आहे, पण दोन ठिकाणी अडकतं.

आधी सूत्र. ते १९७४ मध्ये डिव्हाइन यांनी मांडलं, आणि गंमत म्हणजे जेंटामायसिनच्याच डोससाठी मांडलं. पण मोठ्या माणसांसाठी. ५ फुटांखाली ते उलटं चालवायचं असं त्यात कुठेही नाही. उंची कमी होत गेली की प्रत्येक इंचाला २.३ किलो वजा करून मुलाचं वजन मिळत नाही, कारण वाढत्या मुलाच्या शरीराचं प्रमाणच वेगळं असतं. ३ फूट ४ इंचांच्या, म्हणजे साधारण चार-पाच वर्षांच्या मुलाला ते सूत्र लावून बघा, ४ किलो येतील. तेवढं वजन तान्ह्या बाळाचं असतं.

मुलांसाठी मी दोन प्रकारे काढते आणि दोन्ही जुळतात का ते बघते. एक म्हणजे त्या वयाचा मधला बीएमआय घ्यायचा आणि मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने गुणायचं. १० वर्षांच्या मुलग्याचा मधला बीएमआय साधारण १६.६. १.४० चा वर्ग १.९६. गुणाकार ३२.५ किलो. दुसरं, सेंटिमीटरमधल्या उंचीचा वर्ग गुणिले १.६५ भागिले १०००. १४० चा वर्ग १९६००, उत्तर ३२.३. दोन्ही जवळजवळ एकच. म्हणजे आदर्श वजन ३२.५ धरायला हरकत नाही. बाबांच्या उत्तरापेक्षा ६ किलो कमी.

दुसरी अडचण मोठी आहे. "जादा वजन सगळं चरबीचं आणि चरबीत औषध जातच नाही" हे अर्धंच खरं. चरबीचा ऊतक म्हणजे डब्यात भरलेलं तूप नव्हे. त्यात रक्तवाहिन्या आहेत, पेशींच्या भोवती पाणी आहे, आणि ॲमिनोग्लायकोसाइड औषधं त्याच पाण्यात पसरतात. शिवाय ३७ किलो जादा ओझं वाहणाऱ्या मुलाचे स्नायू आणि रक्ताचं प्रमाणही त्याच उंचीच्या सडपातळ मुलापेक्षा जास्त असतं. म्हणजे जादा वजनात औषधाला जागा आहे, पण सामान्य वजनाइतकी नाही. मोठ्या माणसांत मोजून पाहिलं तर ती जागा सामान्याच्या साधारण ४० टक्के निघाली. तोच हा ०.४ चा आकडा:

ॲडजस्टेड = आदर्श + ०.४ × (खरं − आदर्श)

इथे ३२.५ + ०.४ × ३७.५, म्हणजे ४७.५ किलो.

७ ने गुणा. खऱ्या वजनावर ४९०, ॲडजस्टेडवर ३३२, आदर्शवर २२७. मी ३३० च्या आसपास देईन आणि लगेच लेव्हल मागवेन. हा ०.४ मोठ्यांकडून उसना घेतलेला आहे, मुलांसाठी तो दगडावरची रेघ नाही, म्हणून लेव्हलशिवाय मी स्वतः स्वस्थ बसत नाही.

डॉ_बाबा

सूत्राचं मान्य. पण बीएनएफ फॉर चिल्ड्रन उघडून बघ. तिथे लठ्ठ मुलाचा डोस वय आणि उंचीप्रमाणे येणाऱ्या आदर्श वजनावर काढा असं सरळ दिलंय, आणि ॲमिनोग्लायकोसाइडसाठी तर वेगळं, ठळक सांगितलंय. ॲडजस्टेड मध्येच कुठून आलं?

औषधवाली

तिथे तसंच आहे, नाकारत नाही. त्याच वाक्यात रक्तातली पातळी बारकाईने तपासा हेही आहे. जास्त डोस जाऊ नये ही त्यांची पहिली काळजी, आणि त्या बाजूने ते सुरक्षित आहेत. मला काळजी दुसऱ्या बाजूचीही वाटते, ती खाली आकड्यांनी सांगते.

अन्वयची_आई

नमस्कार, मी डॉक्टर नाही. माझा मुलगा नऊ वर्षांचा, ५८ किलो. आदर्श वजन म्हणजे आहारतज्ज्ञ सांगतात ते टार्गेट वजनच ना? आम्हाला ३८ पर्यंत यायला सांगितलंय. मग ताप आला की पॅरासिटामॉल ३८ च्या हिशेबाने द्यायचं का? बाटलीवर वयाचा तक्ता आहे आणि वजनाचाही, दोन्ही वेगवेगळं सांगतात. वजनाच्या तक्त्यात तर ५८ किलो ही ओळच नाही!

औषधवाली

ताई, ते वेगळं. आहारतज्ज्ञांचा आकडा म्हणजे मुलाने हळूहळू गाठायची पायरी असते. इथे आम्ही म्हणतोय ते आदर्श वजन हा फक्त हिशेबाचा आकडा आहे: त्या उंचीच्या, त्या वयाच्या सरासरी बांध्याच्या मुलाचं वजन. तो कमी करायचा नसतो, गाठायचाही नसतो.

पॅरासिटामॉलचं म्हणाल तर घरी वयाचा तक्ता पाळा, त्याच्या वर जाऊ नका. किलोला १५ मिग्रॅ या हिशेबाने ५८ किलोला ८७० मिग्रॅ येतात, म्हणजे जवळजवळ मोठ्या माणसाचा पूर्ण डोस. एखाद्या वेळी गेलं तर सहसा काही होत नाही. पण तेच दिवसातून चार वेळा, तीन-चार दिवस, उलट्या चालू आणि पोटात अन्न नाही, असं झालं की यकृतावर ताण येतो. यकृताची औषध निकालात काढायची ताकद चरबीच्या प्रमाणात वाढत नाही. आणि सर्दीच्या सिरपमध्ये पॅरासिटामॉल आधीच आहे का, ते लेबलवर नक्की बघा, डबल डोस तिथूनच होतो. वयाच्या डोसने ताप उतरत नसेल तर डोस वाढवू नका, डॉक्टरांना फोन करा आणि वजनाबरोबर उंचीही सांगा.

अन्वयची_आई

उंची कोणी कधी विचारतच नाही. धन्यवाद.

सिस्टर_आयसीयू

ताईंनी एका वाक्यात आमचं दुखणं सांगितलं. केसपेपरवर वजनाचा रकाना पहिला, ठळक, भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. उंचीचा रकाना पाचव्या ओळीत, आणि दहातल्या आठ कागदांवर कोरा. उंची नसेल तर आदर्श वजन काढणार कसं? मग कोणीतरी मुलाकडे बघून "असेल साधारण पस्तीस" म्हणतं.

मूल उभं राहू शकत नसेल तर गादीवर सरळ झोपवून टाळूपासून टाचेपर्यंत टेप लावा. इकडचं तिकडचं दोन सेंटिमीटर चालतं, पण अंदाज नको.

आणि शंतनू, जेंटामायसिनच्या ८० मिग्रॅच्या व्हायल येतात. ४९० म्हणजे सहा फोडून सातवीला हात. दहा वर्षांच्या मुलासाठी सहावी व्हायल उचलताना आमच्या हाताला काहीतरी खटकतं, आणि तसं खटकलं की आम्ही फोन करतो. तेव्हा वैतागू नका.

गुंगीवाला

भूलतज्ज्ञ आहे, म्हणून या धाग्यात नाक खुपसतो. बाबांचा "पाण्यात विरघळतं की तेलात" हा नियम ऐकायला छान आहे, पण आमच्याकडे तो पहिल्याच दिवशी मोडतो.

सक्सामेथोनियम घ्या. पाण्यात विरघळणारं आहे, तरी खऱ्या वजनावर देतो. कारण ते मोडणारं एन्झाइम लठ्ठ माणसात जास्त असतं आणि पेशींबाहेरचं पाणीही वाढलेलं असतं. कमी दिलं तर जबडा अर्धवट सैल होतो आणि नळी घालताना घाम फुटतो. रोक्युरोनियमही पाण्यातलंच, पण ते आदर्श वजनावर. खऱ्या वजनावर दिलं तर ऑपरेशन संपतं आणि मूल काही हलत नाही. उलट प्रोपोफॉल चरबीत मुरणारं आहे, म्हणून खऱ्या वजनावर द्यावं असं वाटतं. पण झोप लागते ती पहिल्या मिनिटात मेंदूपर्यंत पोचलेल्या औषधाने. ते किती पोचणार हे हृदयाच्या पंपावर ठरतं, आणि तो बिनचरबीच्या वजनाच्या मागे जातो. चरबीत औषध नंतर, सावकाश मुरतं. म्हणून झोपवण्याच्या डोसला लीन वजन.

एकाच मुलाला एकाच टेबलावर तीन औषधं, तीन वेगळी वजनं.

शंतनू_पीजी

मग ॲडजस्टेड हा मधला मार्ग म्हणून सगळ्याच औषधांना लावला तर? दोन्ही बाजूंनी थोडं-थोडं चुकेल, पण मोठी गडबड होणार नाही.

गुंगीवाला

होईल. मॉर्फिनला लावून बघ. अशा मुलांपैकी बऱ्याच जणांना झोपेत श्वास अडकायचा त्रास असतो, आणि ती मुलं ओपिऑइडला जास्तच संवेदनशील असतात. तिथे मी आदर्श वजनावर काढून त्याचाही निम्मा देतो, थांबतो, बघतो, मग हवा तर अजून.

सिस्टर_आयसीयू

आणि वॉर्डात दुसरीच गडबड होते. समजा तुम्ही वजनाच्या रकान्यात ४७.५ लिहिलंत. रात्री दुसरा डॉक्टर येतो, त्याला वाटतं मुलाचं वजन ४७.५. तो त्यावर रक्त पातळ करायचं इंजेक्शन काढतो. सकाळी तिसरा येतो, मूल बघून म्हणतो, हे ४७ चं कुठे, आणि पुन्हा ७० लिहून जेंटामायसिन ४९० करतो.

आमच्याकडे आता असं चालतं: वजनाच्या रकान्यात काट्यावरचंच वजन, दुसरं काही नाही. डोस कोणत्या वजनावर काढला ते त्या औषधाच्या ओळीत लिहायचं. म्हणजे "जेंटामायसिन ३२० मिग्रॅ, २४ तासांतून एकदा, ॲडजस्टेड ४७.५ किलोवर". पुढचा माणूस वाचेल तेव्हा त्याला कळेल की हे चुकून कमी नाही, मुद्दाम आहे.

औषधवाली

सिस्टर, हे मी आमच्याकडच्या नव्या रेसिडेंटना दाखवणार आहे.

आता बाबांचा मुद्दा, ॲडजस्टेड कशाला. समजा हे औषध या मुलाच्या अंगात साधारण १४ लिटर जागेत पसरतं. सडपातळ मुलात किलोला ०.३ लिटरच्या आसपास धरतात, त्याला ॲडजस्टेड ४७.५ ने गुणलं की १४ येतात. डोसला १४ ने भागलं की रक्तातली शिखर पातळी अंदाजाने कळते. २२७ चे १६, ३३२ चे २४, ४९० चे ३५ मिग्रॅ दर लिटरला.

जेंटामायसिन शिखराने मारतं. जिवाणूला थांबवायला जेवढी किमान पातळी लागते, तिच्या आठ-दहा पट शिखर मिळालं की काम नीट होतं. जिवाणूची ती पातळी १ असेल तर १० पुरे, आदर्श वजनाचा डोसही भरपूर झाला. पण २ असेल तर १६ ते २० हवेत, आणि आदर्शवाला डोस काठावर अडकतो. पहिल्या दिवशी कल्चर हातात नसतं, म्हणून मला काठावर राहायचं नाही.

आणि ४९० का नको? एकच डोस गेला तर बहुधा किडनी निमूट सोसेल. पण हे औषध किडनीच्या नळ्यांमध्ये आणि आतल्या कानात साठत जातं. पुढचा डोस देण्याआधी रक्तातली पातळी १ च्या खाली उतरायला हवी, ती उतरली नाही आणि असे पाच-सात दिवस गेले की त्रास. कानाचा त्रास परत भरून येत नाही. शिवाय ३५ चं शिखर गाठून जिवाणू काही दुप्पट मरत नाहीत.

म्हणजे चुकलंच तर कोणत्या बाजूने चुकायचं, हा खरा प्रश्न.

डॉ_बाबा

मुलगा तापला आहे, पण शॉकमध्ये नाही, रक्तदाब ठीक आहे. लघवीत हे औषध रक्तापेक्षा कितीतरी जास्त साठतं. मी अजूनही आदर्शवरच देईन आणि दुसऱ्या दिवशी कल्चर बघेन. शॉकमधलं मूल असतं तर तुझं ऐकलं असतं.

औषधवाली

हा युक्तिवाद मला पटतो, बाबा. लघवीच्या संसर्गात तुमच्या २२७ ला मी चूक म्हणणार नाही. पोटातला संसर्ग किंवा रक्तात गेलेला असेल तर म्हणेन.

शंतनू_पीजी

क्रिएटिनिन ०.५ आहे, पण एवढ्या वजनाच्या मुलाला किडनीचा हिशेब कसा करायचा? तिथेही वजनाचा घोळ आहेच ना?

औषधवाली

तिथे सुटका आहे. मुलांचं सुधारित श्वार्ट्झ सूत्र वजन मागतच नाही, उंची मागतं. ०.४१३ गुणिले १४० भागिले ०.५, साधारण ११५. उत्तम. मोठ्या माणसांचं कॉक्रॉफ्ट-गॉल्ट त्यात मात्र वजन आहे, आणि ते इथे लावायचंच नाही. एक बारीक मेख आहे: हा ११५ प्रमाणित शरीर-पृष्ठभागाच्या हिशेबात असतो, म्हणून तो मुलाचा प्रत्यक्ष वेग म्हणून गुणाकारांत घालू नका. किडनी नीट चालते का, एवढं बघायला पुरे.

शंतनू_पीजी

अपडेट. मॅडमनी ॲडजस्टेड धरलं. चार व्हायल बरोबर बसतात म्हणून ३२० मिग्रॅ दिले, अर्ध्या तासात. इन्फ्युजन सुरू केल्यापासून २ तासांनी आणि ८ तासांनी रक्त घेतलं. लेव्हल १३.२ आणि २.१. लॅबने फक्त आकडे दिले, पुढे काय ते कोणी सांगत नाही. मला वाटतं शिखर १३ म्हणजे कमी झालं, डोस वाढवायला हवा?

औषधवाली

थांबा, १३.२ हे शिखर नाही. ती २ तासांची पातळी आहे, तोपर्यंत दीड तास औषध उतरत होतं. मागे जाऊन काढू.

६ तासांत १३.२ चे २.१ झाले. भागाकार ६.३, त्याचा नैसर्गिक लॉग १.८४, त्याला ६ ने भागलं की ताशी ०.३०६. अर्ध-आयुष्य सव्वादोन तासांच्या आसपास, १० वर्षांच्या चांगल्या किडनीला शोभेल असं. आता इन्फ्युजन संपल्यावरची पातळी: १३.२ ला दीड तास मागे नेलं की जवळजवळ २१. हे तुमचं शिखर. २१ उत्तम आहे, डोसला हात लावू नका.

आता मजा बघा. अर्ध्या तासाच्या इन्फ्युजनमध्ये जे थोडं बाहेर गेलं ते धरून हिशेब केला की औषध १४.२ लिटरमध्ये पसरलंय. या १४.२ ला तिन्ही वजनांनी भागा. खऱ्या ७० ने भागलं तर किलोला ०.२०, आदर्श ३२.५ ने ०.४४, आणि ४७.५ ने ०.३०. सडपातळ मुलाचा आकडा ०.३ च्या आसपास असतो. या मुलापुरता ०.४ बरोबर बसला. पुढच्या मुलात ०.३ किंवा ०.५ निघू शकतो, म्हणून एका मुलावरून नियम करू नका.

२४ तासांनी काय उरेल? नगण्य, यंत्राला दिसणारही नाही. म्हणजे रोज एकदा ३२० चालू ठेवायला हरकत नाही. क्रिएटिनिन दोन-तीन दिवसांनी पुन्हा, आणि कल्चरमध्ये तोंडी औषधाला दाद देणारं निघालं आणि उलट्या थांबल्या की हे बंद.

सिस्टर_आयसीयू

लेव्हल विचित्र आली तर आधी औषधावर विश्वास ठेवू नका, नमुन्यावर संशय घ्या. ज्या लाइनमधून जेंटामायसिन गेलं त्याच लाइनमधून रक्त काढलं तर पातळी अव्वाच्या सव्वा येते. आमच्याकडे एकदा ६० आली होती.

औषधवाली

ती ६० हिशेबातच पकडता येते. ३२० मिग्रॅ दिले आणि शिखर ६० म्हणजे औषध जेमतेम ५ लिटरमध्ये पसरलं. या आकाराच्या मुलात पेशींबाहेरचं पाणीच त्याहून जास्त असतं, तेव्हा हे शक्यच नाही. नमुना दुसऱ्या हातातून पुन्हा घ्या. तसंच उलट: वेळ "८ तास" लिहिली आणि रक्त प्रत्यक्षात साडेनऊ तासांनी घेतलं, तर औषध आहे त्यापेक्षा वेगाने उतरतंय असं दिसतं आणि कोणीतरी विनाकारण डोस वाढवतं. नळीवर ठरलेली वेळ नको, सुई टोचली तेव्हाची घड्याळातली वेळ लिहा.

डॉ_बाबा

हिशेब झकास. पण माझ्यासारख्या छोट्या ठिकाणी लेव्हल होतच नाही. तिथे काय?

औषधवाली

तिथे मीही हात आखडता घेते. लेव्हल नसेल तर ॲडजस्टेडवर एक डोस, फार तर दोन, आणि मग शक्य असेल तर सेफ्ट्रिॲक्सोनसारख्यावर जायचं. तिथे वजनाची कटकट कमी, कारण मोठ्या माणसाच्या कमाल डोसची भिंत आहे. किलोचा हिशेब त्या भिंतीपाशी आला की थांबायचं. साधारण ४० किलोच्या पुढच्या मुलांत बऱ्याच औषधांना हीच रीत चालते. जेंटामायसिनला तशी एक ठरलेली भिंत नाही, म्हणून तर हा सगळा धागा.

डॉ_बाबा

आणि सेफ्ट्रिॲक्सोनला दाद न देणारा जिवाणू निघाला तर? हल्ली तेच जास्त दिसतात. लेव्हल नाही, पर्याय नाही, मूल ७० किलोचं. तेव्हा २२७ की ३३२?

गुंगीवाला

त्या रात्री मी तरी मूल लेव्हल होते तिथे पाठवेन. पहिला डोस देऊन.

डॉ_बाबा

पहिला डोस कोणत्या वजनावर?

औषधवाली

पहिल्याला ॲडजस्टेड, कारण एका डोसने किडनी जात नाही आणि पहिला डोस कमी पडला तर मूल जाऊ शकतं. दुसऱ्या डोसबद्दल मी तुमच्याशी भांडेन. शंतनू, कल्चर आलं का?

शंतनू_पीजी

उद्या येतंय. ताप आज १०० वर आहे. उंचीचा रकाना वर घ्यायला सांगितलंय, पण फॉर्म छापणारे म्हणतात आधीचे संपल्याशिवाय नवे नाहीत.